क्लासिकल की ऑपरंट? घंटा दिसली की पॅव्हलॉव्ह म्हणणाऱ्या एका विद्यार्थिनीची केस

## पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, छोटा क्लास घेते, त्यात बालमानसशास्त्र माझ्याकडे असतं. ही केस तिथल्याच एका मुलीची, नाव बदलून आपण तिला सई म्हणू. डीएड झालेलं, लग्न झालेलं, घरचं सगळं आवरून दुपारी क्लासला यायची. अभ्यासाला कच्ची अजिबात नव्हती हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटेल.

महाटीईटीत 150 मार्कांचे 150 प्रश्न आणि वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. त्यातले 30 प्रश्न बालमानसशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. अभिसंधानावर, म्हणजे अनुभवाने नवी प्रतिक्रिया किंवा वागणं कसं जडतं यावर, प्रश्न येतो तेव्हा तो बऱ्याचदा व्याख्या विचारत नाही, दोन ओळींचा एक प्रसंग देतो आणि हे अभिजात अभिसंधान की साधक अभिसंधान ते विचारतो. मुलं क्लासिकल आणि ऑपरंटच म्हणतात म्हणून मीही इथे तेच म्हणते.

सईला थिअरी तोंडपाठ होती. अन्नाआधी वाजणाऱ्या घंटेलाच लाळ गाळायला लागलेला पॅव्हलॉव्हचा कुत्रा, त्यातलं अन्न हा नैसर्गिक उद्दीपक, घंटा हा अभिसंधित उद्दीपक, पेटीतला खटका दाबून दाणा मिळवणारा स्किनरचा उंदीर, आणि प्रबलन म्हणजे ज्या परिणामाने क्रिया वाढते तो, सगळं न अडखळता सांगायची. मग मी दहा प्रसंगांची एक छोटी टेस्ट घेतली आणि तिचे दहापैकी चार बरोबर आले.

## अडचण नेमकी कुठे होती

पर्याय दोनच असताना डोळे मिटून टिक केलं तरी साधारण पाच बरोबर यायला हवेत. चार तर अंदाजपंचे लिहूनही येऊ शकतात, पण थिअरी एवढी पाठ असलेली मुलगी अंदाजपंचे लिहीत नसेल, तिच्याकडे एखादा ठाम नियम असेल आणि तो नियमच तिला चुकीकडे नेत असेल अशी मला शंका आली. म्हणून बरोबर उत्तरं लगेच न सांगता मी तोच पेपर परत दिला आणि म्हणलं, प्रत्येक उत्तरापुढे एका वाक्यात लिही की हे तुला कशावरून वाटलं.

तिने लिहिलेली कारणं वाचल्यावर सगळा उलगडा झाला. ‘मधल्या सुट्टीची घंटा वाजली की मुलं डबा उघडतात’ याला तिने क्लासिकल लिहिलेलं आणि कारण दिलेलं, घंटा आहे. ‘कुकरची शिट्टी ऐकून तोंडाला पाणी सुटतं’ याला ऑपरंट, कारण खायला मिळतं म्हणजे बक्षीस. ‘साखळी दिसली की कुत्रा शेपूट हलवायला लागतो’ हे क्लासिकल, कारण कुत्रा. (हे उत्तर बरोबरच होतं, पण कारण बघा.) ‘सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी टिंगटिंग वाजत राहते म्हणून बसल्या बसल्या बेल्ट लावायची सवय लागली’ हेही क्लासिकल, कारण आवाज आहे.

म्हणजे प्रसंगात कोण आहे आणि काय वस्तू आहे हे बघून ती ठरवत होती. घंटा, आवाज, कुत्रा आले की पॅव्हलॉव्ह, आणि खाऊ, शाबासकी, चॉकलेट आले की स्किनर. याचा दोष फक्त तिला देता येत नाही, गाइडांमधून एकेका शास्त्रज्ञाचा एकेकच प्रयोग वर्षानुवर्षं फिरतोय त्यामुळे पॅव्हलॉव्ह म्हणजे घंटा हे डोक्यात घट्ट बसतं. खरं तर पॅव्हलॉव्हने ठरावीक लयीत टिकटिक करणारा मेट्रोनोमसुद्धा वापरला होता. आणि अन्न तर दोन्ही प्रयोगांत आहे, कुत्र्यालाही खायला मिळतं आणि उंदरालाही, तेव्हा अन्न दिसलं म्हणून काहीच ठरत नाही.

तसंच इशाराही दोन्हीकडे असू शकतो, आणि इथेच सगळ्यात जास्त पोरं पडतात. स्किनरच्या पेटीत दिवा लावता येतो, दिवा चालू असताना खटका दाबला तर दाणा, बंद असताना दाबला तर काही नाही. थोड्या वेळात उंदीर दिवा लागला की खटक्याकडे जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की दिवा लागला आणि प्रतिक्रिया आली म्हणजे हे पॅव्हलॉव्हसारखंच, पण दिव्याने दाणा आणला नाही, दाबल्याने आणला. दिवा एवढंच सांगतो की आत्ता दाबलंस तर उपयोग आहे. डबा उघडण्याची घंटा या जातीची आहे.

## कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे तिला अजून शंभर प्रश्न सोडवायला देणं. क्लासमध्ये सर्रास हेच होतं आणि कधीकधी चालतंही, पण हिच्याकडे चुकीचा नियम पक्का होता. अर्धे प्रश्न योगायोगाने बरोबर येणार आणि दर बरोबर उत्तराला तो नियम अजून पक्का होणार, कुत्र्याच्या प्रश्नाला झालं तसंच. हा पर्याय मी सोडला.

दुसरा पर्याय म्हणजे शॉर्टकट नियम देणं: आपोआप होणारी क्रिया असेल तर क्लासिकल, आपण मुद्दाम केलेली असेल तर ऑपरंट. हा वाईट नियम नाही. लाळ, दचकणं, घाम, छातीत धडधड हे एका बाजूला आणि हात वर करणं, बेल्ट लावणं, गृहपाठ करणं दुसऱ्या बाजूला असे बरेच प्रश्न यावर सुटतात. मी बराच विचार केला हा द्यावा का, कारण मिनिटभरात वापरता येतो. पण तो काठावरच्या प्रश्नांना दगा देतो. दुकानात चॉकलेटसाठी भोकाड पसरणारं पोर घ्या, रडणं ही आपोआप होणारी गोष्ट वाटते, डोळ्यांतून पाणीसुद्धा येतं, तरी हे रडणं चॉकलेट मिळाल्यामुळे वाढलेलं आहे, ऑपरंट आहे. आणि उलट बाजूने कुत्र्याचं शेपूट हलवणं. ते मुद्दाम की आपोआप? यावर मुलं वर्गात पंधरा मिनिटं भांडू शकतात आणि तरी ठरत नाही.

तिसरा पर्याय चार खणांचा. नैसर्गिक उद्दीपक, नैसर्गिक प्रतिक्रिया, अभिसंधित उद्दीपक, अभिसंधित प्रतिक्रिया असे चार खण आखायचे आणि प्रसंगातून ते भरायचे, चारही भरले तर क्लासिकल. पद्धत भक्कम आहे पण वेळखाऊ, आणि सईसारखी मुलगी खण भरण्यासाठी काहीही कोंबते. घंटा अभिसंधित उद्दीपक, डबा नैसर्गिक उद्दीपक, उघडणं प्रतिक्रिया, झालं.

चौथा, जो मी शेवटी घेतला, तो म्हणजे एकच प्रश्न विचारायचा: ही क्रिया केली नसती तरी पुढची गोष्ट घडली असती का? घडलीच असती तर क्लासिकल, क्रियेवर अवलंबून असेल तर ऑपरंट. पॅव्हलॉव्हच्या कुत्र्याने लाळ गाळली नसती तरी त्याला खायला मिळणारच होतं. उंदराने खटका दाबला नसता तर दाणा पडला नसता. दोन प्रयोगांतला खरा फरक इथे आहे, एकीकडे दोन उद्दीपकांचं नातं आणि दुसरीकडे क्रिया आणि परिणामाचं नातं. चार खण मी फेकून दिले नाहीत, अडलेल्या प्रश्नासाठी ताळा म्हणून ठेवले.

## काय केलं

पहिल्या दिवशी उत्तर ठरवायलाच बंदी घातली. फक्त प्रश्नात कोणत्या क्रियेबद्दल विचारलंय ती शोधायची आणि तिच्याखाली रेघ मारायची. सईला हे जरा पोरकट वाटलं, तसं ती बोललीही, “मॅडम, क्रियापद शोधायला काय आता मराठी व्याकरण करायचं का?” पण दुसऱ्याच प्रसंगाला अडली. मी दिलेलं वाक्य होतं, ‘वीज चमकली की छोटा मुलगा दचकतो आणि कानांवर हात ठेवतो.’ तिने पूर्ण वाक्याखाली रेघ मारली.

इथे दोन क्रिया आहेत आणि दोघींची उत्तरं वेगळी आहेत. आधी दचकणं घेतलं. तो दचकला नसता तरी गडगडाट झाला असता का? झालाच असता, दचकण्याचा आणि आभाळाचा काही संबंध नाही. चमकणं आणि गडगडणं यांची जोडी लागली म्हणून आता नुसत्या चमकण्याला दचकतो, हे क्लासिकल. मग कानांवर हात. हात ठेवले नसते तर? आभाळ गडगडलं असतंच, सई म्हणाली, म्हणजे हेही क्लासिकल. मी म्हणलं, आभाळात नको बघू, त्याच्या कानात बघ, तिथे काय फरक पडला? हात ठेवल्याने आवाज कमी झाला. त्रासदायक गोष्ट कमी झाली म्हणून ती क्रिया टिकली, हे ऑपरंट आणि त्यातलं ऋण प्रबलन. एकाच वाक्यात दोन्ही अभिसंधानं शेजारी शेजारी बसलीत हे बघून ती थोडी चिडली, की मग परीक्षेत काय लिहायचं. परीक्षेत प्रश्न ज्या क्रियेबद्दल विचारतो तिचं उत्तर लिहायचं, म्हणून तर रेघ.

त्यानंतर मी जोड्या करून प्रसंग द्यायला लागले. गोष्ट तीच ठेवायची आणि फक्त क्रिया बदलायची, म्हणजे घंटा किंवा कुत्रा बघून ठरवायची सोयच राहत नाही. मधल्या सुट्टीची घंटा वाजली की तोंडाला पाणी सुटतं, आणि घंटा वाजली की डबा उघडतात. तोंडाला पाणी सुटलं नाही तरी डबा खायला मिळणारच, क्लासिकल. डबा उघडलाच नाही तर पोटात काही जाणार नाही, ऑपरंट. साखळी दिसली की कुत्रा शेपूट हलवतो, आणि कुत्रा तोंडात साखळी धरून मालकाकडे येतो. शेपूट हलवलं नाही तरी साखळी काढलीय म्हणजे फिरायला नेणारच आहेत. साखळी आणून दिली तर मालक उठतो, नाहीतर पेपर वाचत बसतो. डेंटिस्टच्या ड्रिलचा आवाज आला की पोटात गोळा येतो, आणि दुखेल म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल केली जाते. या जोड्यांनी जेवढं काम केलं तेवढं माझ्या बोलण्याने केलं नसेल.

शेपटीवरून मात्र वाद राहिलाच. सईचं म्हणणं, शेपूट कुत्रा मुद्दामच हलवतो ना, मग मालक खूश होतो, नेतो, हे ऑपरंट का नाही? हा प्रश्न चांगला होता म्हणून तिला कबुतरांचा प्रयोग सांगितला जो टीईटीच्या पुस्तकात नसतो. 1968 मध्ये ब्राउन आणि जेंकिन्स यांनी कबुतराच्या पेटीत एक बटण काही सेकंद उजळायचं आणि मग दाणे द्यायचे असं केलं, कबुतराने काही केलं नाही तरी दाणे मिळणारच. तरी कबुतरं त्या उजळलेल्या बटणावर चोच मारायला लागली. आता चोच मारणं तर मुद्दाम केलेलं वाटतं, म्हणून कोणी म्हणेल की योगायोगाने चोच मारल्यावर दाणे मिळाले असतील आणि सवय लागली असेल. मग 1969 मध्ये विल्यम्स आणि विल्यम्स यांनी उलटं केलं: चोच मारली तर त्या वेळचे दाणे रद्द. चोच मारणं परिणामावर अवलंबून असतं तर ते बंद व्हायला हवं होतं. बरीच कबुतरं नुकसान सोसून चोच मारतच राहिली. म्हणजे दिसायला मुद्दाम वाटणारी क्रियासुद्धा प्रकाश आणि दाणे यांच्या जोडीमुळे येऊ शकते. शेपटीबद्दलही असंच विचारायचं, शेपूट हलवल्यावर फिरणं रद्द केलं तर कुत्रा हलवायचं थांबवेल का? ती हसून म्हणाली आमचा तर नाही थांबवणार. आता समजा एखाद्या घरात शेपूट हलवल्याशिवाय कुत्र्याला नेतच नसतील, तर तिथे उत्तर बदलेल, पण प्रश्नात तसं लिहिलेलं पाहिजे. लिहिलेलं नसताना आपण गोष्ट वाढवायची नाही.

## जिथे पद्धत अडली

दोनेक आठवड्यांनी सईनेच एक प्रसंग आणला, तिच्या नणंदेचा. पाणीपुरी खाल्ली, रात्री उलट्या झाल्या, आता पाणीपुरीचा नुसता वास आला तरी मळमळतं. सईने पद्धत लावलेली: तिने पाणीपुरी खाल्ली नसती तर उलट्या झाल्या नसत्या, म्हणजे परिणाम क्रियेवर अवलंबून, म्हणजे ऑपरंट, आणि परिणाम वाईट म्हणून शिक्षा. सगळं नियमाप्रमाणे बरोबर दिसतंय आणि उत्तर चूक आहे. चवीचा तिटकारा हे पुस्तकांत क्लासिकलचं ठळक उदाहरण आहे, गार्सिया आणि कोलिंग यांचा 1966 चा उंदरांवरचा अभ्यास यावरचाच.

गफलत अशी झाली होती की तिने रेघ खाण्याखाली मारली. प्रश्नात नवीन शिकलेली क्रिया कोणती आहे? खाणं तर आधीपासून येतच होतं, बदल झालाय तो मळमळण्यात. तेव्हा प्रश्न मळमळण्याबद्दल विचारायचा: आज वास आल्यावर मळमळलं नाही तर काही मिळायचं राहतं का, काही टळायचं राहतं का? नाही. मळमळून काहीच हाती लागत नाही. मग ताळ्याला चार खण भरले. बिघडलेल्या पदार्थाने पोटात झालेला बिघाड हा नैसर्गिक उद्दीपक, त्याने झालेली मळमळ आणि उलटी ही नैसर्गिक प्रतिक्रिया, वास अभिसंधित उद्दीपक, वासाने होणारी मळमळ अभिसंधित प्रतिक्रिया. काही न कोंबता चारही भरले, आणि दोन्ही प्रतिक्रिया एकाच जातीच्या आहेत, मळमळच. डब्याच्या वेळी हे होत नव्हतं, तिथे डबा उघडणं ही अन्नाला आपोआप येणारी प्रतिक्रिया नव्हती.

तापलेल्या तव्याचंही असंच. बाळाने तव्याला हात लावला, भाजला, आता तवा दिसला की रडायला लागतं, हे क्लासिकल. आता तव्याला हात लावत नाही, हे ऑपरंट, शिक्षेने कमी झालेली क्रिया. प्रसंग एक, अपघात एक, पण प्रश्न दोन वेगळे. नणंद त्या गाडीवर जायचीच बंद झाली असं विचारलं असतं तर मात्र काम अवघड झालं असतं, कारण टाळण्याच्या वागण्यात दोन्ही गुंतलेले असतात, आधी तिटकारा बसतो आणि मग लांब राहिल्याने सुटका मिळते. असा प्रश्न दोन ओळींत विचारणं हेच मुळात चूक आहे असं माझं मत, पण पेपर काढणारे विचारतात. तेव्हा इतर पर्याय बघायचे. ‘शिक्षा’ किंवा ‘ऋण प्रबलन’ असे पर्याय दिसले तर तो ऑपरंटच्या बाजूने विचारतोय, आणि ‘अभिसंधित प्रतिक्रिया कोणती’ असं असेल तर क्लासिकलच्या.

या टप्प्यावर मी प्रश्नाचं वाक्य बदललं. आधी वर्गात मी ‘प्राण्याने काही केलं नसतं तर’ असं म्हणत होते, ते सैल होतं, ‘काही’मध्ये काहीही बसतं. आता म्हणते, ‘रेघ मारलेली, नव्याने शिकलेली क्रिया केली नसती तर’.

## निकाल

परीक्षेच्या आधीच्या टेस्टमध्ये नवे बारा प्रसंग होते, सईचे दहा बरोबर आले. कारणांची वाक्यंही पूर्ण बदललेली, ‘घंटा आहे’च्या जागी ‘हात वर केला नाही तर बाई विचारत नाहीत’ अशी. वेळ सुरुवातीला फार जायचा, रेघ मार, प्रश्न विचार, खण भर, करता करता दोन मिनिटं व्हायची आणि परीक्षेत तेवढी मिळत नाहीत. शेवटी खण फक्त अडलेल्या प्रश्नाला भरायचे असं ठरवलं आणि ते जमलं.

जे दोन चुकले ते दोन्ही ऑपरंटच्या आतले. क्लासिकल नाही इथपर्यंत बरोबर पोचली, पण पर्यायांत धन प्रबलन, ऋण प्रबलन आणि शिक्षा असं होतं आणि तिथे घसरली. त्यातला एक तोच दुकानातल्या रडण्याचा, फक्त विचारलं होतं आईबद्दल: ‘मूल रडायचं थांबतं म्हणून आई दर वेळी चॉकलेट घेऊन देते, आईचं वागणं कशामुळे टिकलं?’ सईने धन प्रबलन लिहिलं, चॉकलेट दिसलं ना. चॉकलेट पोराला मिळालं. आईला मिळाली ती शांतता, म्हणजे नकोशी गोष्ट थांबली, ऋण प्रबलन. वस्तू बघून ठरवायची जुनी सवय एक मजला खाली जाऊन पुन्हा बसलेली.

## पुढच्या बॅचला काय वेगळं करतेय

जोड्यांचे प्रसंग आता पहिल्याच तासाला देते, पॅव्हलॉव्ह आणि स्किनर यांची नावं घ्यायच्याही आधी. एकदा कुत्रा आणि घंटा डोक्यात गेली की ती काढायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात दुसरा धडा होतो.

रेघ मारताना अजून एक गोष्ट जोडलीय, क्रियेच्या शेजारी ती कोणाची ते लिहायचं. आई की मूल, मालक की कुत्रा, बाई की विद्यार्थी. दुकानातल्या प्रसंगात दोघं शिकतायत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत, हे नाव लिहिल्याशिवाय दिसत नाही.

आणि कारणाचं वाक्य प्रत्येक टेस्टमध्ये ठेवलंय, त्याला अर्धा मार्क. पोरं कुरकुरतात, तपासायला मलाही दुप्पट वेळ लागतो, पण नुसती टिक बघून सईचा तो कुत्र्याचा प्रश्न मी बरोबर धरून पुढे गेले असते. कबुतरांचा प्रयोग सगळ्यांना सांगायचा का हे अजून ठरत नाहीये. ज्याने शेपटीवर वाद घातला त्याला उपयोग होतो, बाकीच्यांना वाटतं हा पण परीक्षेला येतो का आणि ते 1968, 1969 वहीत लिहून पाठ करत बसतात.